अर्ज-विनंत्यांची दुनिया : पगाराचे खाते बदलताना

बढतीच्या अर्जाचा उत्तरार्ध या आठवड्यात द्यावयाचा होता. परंतु इचलकरंजीच्या एका वाचकांनी आपल्या अर्जाची नक्कल जोडून जी हकीकत कळविली आहे, ती इतकी नमुनेदार आहे की बढतीस थोडे थांबावे लागेल. या गृहस्थांनी घराजवळच्या बँकेत नवे खाते उघडले, ‘माझे बँक खाते बदलले आहे, तरी नोंद घ्यावी’ एवढ्या एका ओळीचा अर्ज सोबत नव्या खात्याचा क्रमांक देऊन २६ तारखेस कारखान्याच्या कचेरीत दिला, आणि त्याच दिवशी जुने खाते बंद करून ते निश्चिंत झाले. पुढील महिन्यात सर्वांचे पगार झाले. यांचा तेवढा झाला नाही.

कचेरीवर रोष धरण्यापूर्वी पगारपत्रक कसे सिद्ध होते ते पाहावे. पुष्कळ आस्थापनांत महिन्याच्या विशीनंतर केव्हातरी फेरफार स्वीकारणे थांबते, पत्रक कायम केले जाते आणि त्यावरून नावे, खाते-क्रमांक व रकमा यांची यादी बँकेकडे रवाना होते. २६ तारखेचा अर्ज त्या महिन्याच्या पत्रकाला गाठू शकला नाही, रक्कम जुन्याच क्रमांकावर गेली, आणि बंद खात्यात ती जमा करता येत नसल्यामुळे बँकेने ती मालकाच्या खात्याकडे परत धाडली. तेथे ती कोणाची, याचा मेळ हिशेबनीसाने घालेपर्यंत ती पडून राहते. आणि हा मेळ बहुधा पगार न मिळालेला मनुष्य दारात उभा राहिल्यावरच घातला जातो.

अर्जात मुख्य उणीव होती ती ‘केव्हापासून’ या तपशिलाची. त्यातही ‘ऑगस्टच्या पगारापासून’ असे मोघम लिहू नये, कारण ऑगस्टात हाती पडणारा पगार कित्येक ठिकाणी जुलैचा असतो. मी मजकूर असा लिहीन :

‘विषय : वेतन जमा करण्याच्या बँक खात्यात बदल करण्याबाबत.

महोदय, मी आपल्या आस्थापनेत … विभागात … या पदावर असून माझा कर्मचारी क्रमांक … आहे. माझे वेतन सध्या … बँकेच्या … शाखेतील खाते क्रमांक … मध्ये जमा होते. ऑगस्ट महिन्याच्या, म्हणजे सप्टेंबरात अदा होणाऱ्या, वेतनापासून ते खालील खात्यात जमा करण्याची तजवीज व्हावी, ही विनंती. नव्या खात्याचा रद्द केलेला धनादेश सोबत जोडला आहे.’

खाली खातेदाराचे नाव, बँक, शाखा, खाते-क्रमांक आणि आयएफएस कोड, प्रत्येक स्वतंत्र ओळीवर. बँक का बदलली याचे कारण देण्याची गरज नाही. ते मालकाने विचारलेले नसते.

धनादेशाची जोड हा निव्वळ उपचार नव्हे. एनईएफटीने पाठविलेली रक्कम खाते-क्रमांकावरून जमा होते, नाव जुळते की नाही हे पाहून नव्हे. एक अंक चुकला आणि त्या क्रमांकाचे खातेच नसले, तर पैसे परत येतात. असले, तर ते अनोळखी इसमाच्या पदरात पडतात आणि परत मिळविताना नाकी नऊ येतात. हस्ताक्षरातला १ आणि ७ यांचा घोटाळा छापील धनादेशावर होत नाही. आयएफएस कोडच्या अकरा स्थानांपैकी पाचवे नेहमी शून्य असते. हाताने उतरविताना तेथे इंग्रजी ‘ओ’ पडतो. धनादेशावर दोन तिरप्या रेघा मारून मध्ये ‘रद्द’ असे ठळक लिहावे, व सही मुळीच करू नये.

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घेतल्याखेरीज कचेरीतून उठू नये. जुने खाते मात्र नव्या खात्यात पहिला पगार प्रत्यक्ष दिसेपर्यंत चालू ठेवावे. विम्याचे व कर्जाचे हप्ते जुन्या खात्यातून परस्पर वळते होत असतील, तर ते पगारामागोमाग आपोआप नव्या खात्याकडे जात नाहीत. त्यांची नवी संमतीपत्रे स्वतंत्र द्यावी लागतात आणि ती नोंदली जाईपर्यंत जुन्या खात्यात हप्त्यापुरती शिल्लक राखावी लागते.

याच वाचकांनी शेवटी विचारले आहे, की त्यांच्या जिल्हा परिषदेतील मेहुण्यास कचेरीने जुन्या बँकेचा ना-हरकत दाखला का मागितला. मेहुण्यांनी त्या बँकेकडून पगारावर कर्ज घेतले असावे. असे कर्ज देताना, पगार याच बँकेत येत राहील, अशी लेखी हमी बँका कित्येकदा कर्मचाऱ्याच्या कार्यालयाकडून घेतात; ती दफ्तरी असता दाखल्यावाचून खाते बदलले, तर पगार काढणारा अधिकारी स्वतःच अडचणीत येतो. अशा वेळी आधी बँकेकडून दाखला मिळवावा आणि त्याचा क्रमांक व तारीख अर्जाच्या मजकुरातच नमूद करावी.