सदाशिव पेठेतली तीन वर्षं, पत्रातल्या सहा ओळी

समजा, बार्शीचा एक मुलगा २०२१ साली बी.कॉम. झाला, राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्याला सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत आला आणि २०२४ मध्ये अकाउंट्स सहायकाच्या जागेसाठी अर्ज करतोय. मधल्या तीन वर्षांचं काय लिहायचं?

बहुतेक मुलं इथे भावुक होतात. लहानपणापासूनचं स्वप्न, अवघ्या काही गुणांनी हुकलेली यादी, घरची परिस्थिती, सगळं पत्रात येतं. भरती करणाऱ्याला यातलं काहीच नको असतं. त्याच्या मनात वेगळीच धास्ती असते: पुढची जाहिरात आली की हा पोरगा रजा टाकून पुन्हा अभ्यासिकेत जाऊन बसेल का? धास्ती खोटी नाही. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ वर्षं आहे. पंचविशीतल्या मुलासाठी ते दार अजून बरीच वर्षं उघडं राहणार, हे त्यालाही ठाऊक असतं. म्हणून पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तयारीबद्दलचं नसतं, ती थांबवल्याचं असतं.

पत्र बहुधा इंग्रजीतच जातं, पण आधी मराठीत लिहून पाहिलं की फापटपसारा लगेच दिसतो. आपल्या बार्शीकराचं पत्र असं होईल:

‘जुलै २०२१ ते मार्च २०२४ मी राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी केली. २०२२ आणि २०२३ची पूर्वपरीक्षा दिली. दुसऱ्या वेळी मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो, निवड झाली नाही. प्रवेशपत्रं माझ्याकडे आहेत. यापुढे ही परीक्षा देणार नाही. एप्रिलपासून टॅली शिकलो आणि एका सीएच्या कार्यालयात तीन महिने जीएसटी विवरणपत्रांचं काम केलं. लगेच रुजू होऊ शकतो.’

एवढंच. ‘दुर्दैवाने’ नाही, क्षमा नाही. रिझ्युमेमध्येही तेच महिने, तोच क्रम हवा. दोन कागदांत दोन तारखा दिसल्या की शंका तिथूनच सुरू होते.

‘यापुढे देणार नाही’ हे मात्र खरं असेल तरच लिहावं. एखादा फॉर्म भरलेला असेल, तर ‘नोकरी सांभाळून एक प्रयत्न बाकी आहे’ असं सांगावं. काही ठिकाणी नकार मिळेल, पण तो नोकरीत महिना काढल्यावर उडणाऱ्या खटक्यापेक्षा बरा.

आणि मामाच्या दुकानाच्या लेटरहेडवरचं ते ‘अनुभव प्रमाणपत्र’! दर बॅचमध्ये कुणीतरी हा सल्ला देतोच. पार्श्वभूमी पडताळणीत पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, पीएफची नोंद मागितली जाऊ शकते, आणि मामाकडे यातलं काहीच नसतं. मग जी तीन वर्षं सरळ सांगता आली असती, त्यांच्यापायी हातात आलेलं ऑफर लेटर परत जातं.