एटीएममधून पैसे आलेच नाहीत, पण खात्यातून कापले गेले? तक्रार कुठे आणि कशी करायची, जाणून घ्या

समजा तुमचे खाते लातूरच्या एका बँकेत आहे. कामानिमित्त नांदेडला गेलात आणि 10 तारखेला संध्याकाळी 7:42 वाजता दुसऱ्याच बँकेच्या एटीएममध्ये 5,000 रुपयांसाठी कार्ड टाकले. मशीनचा आवाज झाला, नोटा काही बाहेर आल्या नाहीत, मात्र मोबाइलवर रक्कम वजा झाल्याचा एसएमएस आला. आता तक्रार कोणाकडे?

बरेच जण ज्या बँकेचे मशीन आहे तिच्या शाखेत जातात आणि तिथून परत पाठवले जातात. तक्रार घ्यायची असते ती तुमचे कार्ड देणाऱ्या बँकेने. म्हणजे लातूरच्या शाखेत, तिच्या अॅपवर किंवा कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर. त्यासाठी पुन्हा नांदेड गाठायची गरज नाही. गुगलवर सापडलेल्या 'कस्टमर केअर'ला फोन मात्र करू नका. रिफंडच्या नावाखाली ओटीपी मागणारे तिथेच बसलेले असतात.

मशीनसमोरून हलण्यापूर्वी स्लिप घ्या. तिच्यावर एटीएम आयडी, वेळ आणि व्यवहार क्रमांक असतो. स्लिप नसेल तर मशीनवर लिहिलेल्या आयडीचा आणि एसएमएसचा फोटो काढा. वेळ मिनिटासकट हवी, कारण मशीन प्रत्येक व्यवहाराची नोंद आपल्या 'इलेक्ट्रॉनिक जर्नल'मध्ये ठेवते. बँक त्यात 7:42 ची नोंद शोधते आणि मशीनमधील रोकड मोजल्यावर 5,000 रुपये जादा निघतात का, ते पाहते. 'संध्याकाळी नांदेडला पैसे अडकले' एवढ्यावर हा शोध लागत नाही.

तक्रार चार ओळींत होते:

"माझ्या खात्यातून 10 तारखेला संध्याकाळी 7:42 वाजता 5,000 रुपये वजा झाले, पण एटीएममधून रोकड मिळाली नाही. एटीएम आयडी, व्यवहार क्रमांक आणि कार्डाचे शेवटचे चार अंक सोबत देत आहे. रक्कम परत जमा करावी आणि विलंब झाल्यास भरपाई द्यावी."

तक्रार क्रमांक मागून घ्या. पिन कोणालाही सांगू नका.

रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत बँकेने स्वतःहून रक्कम परत करायची असते. आपल्या उदाहरणात ही मुदत 15 तारखेला संपते. पैसे 22 ला जमा झाले, तर सात दिवसांचा उशीर, दिवसाला 100 प्रमाणे 700 रुपये भरपाई. हीही न मागता मिळायला हवी. तरी पासबुक तपासा.

खरी अडचण येते ती 'व्यवहार यशस्वी' असे उत्तर आल्यावर. नोटा जिथून बाहेर येतात तिथे भामट्यांनी पट्टी चिकटवली असेल, तर मशीनच्या नोंदीत पैसे दिल्याचेच दिसू शकते. अशा वेळी त्या मिनिटाचे सीसीटीव्ही चित्रण तपासण्याची लेखी मागणी लगेच करा, कारण ते कायम जपून ठेवले जात नाही. पट्टी दिसली तर पोलिसांतही तक्रार द्या.

बँकेने तक्रार फेटाळली किंवा 30 दिवसांत उत्तरच दिले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही. बँकेकडील तक्रारीची प्रत मात्र जोडावी लागते.