फोनची बॅटरी वापराने झिजते की वयाने?

लिथियम-आयन बॅटरीला दोन प्रकारची झीज लागते. एक चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांनी होणारी, दुसरी नुसत्या काळाने होणारी. फोन कपाटात पडून राहिला, तरी दुसरी थांबत नाही.

बॅटरी चार्ज होताना लिथियम तिच्या ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडमध्ये शिरतं. अशा भरलेल्या ग्रॅफाइटला लागून असलेलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटित होतं आणि पृष्ठभागावर एक पातळ थर बसतो. हा थर पुढची मोडतोड रोखतो, त्यामुळे तो हवाच. पण तो वाढताना थोडंथोडं लिथियम गिळतो आणि ते पुन्हा कामाला येत नाही. थर जाड होईल तशी वाढ मंदावते. पहिल्या वर्षी समजा चार टक्के क्षमता गेली, तर चार वर्षांत साधारण आठ जाते, सोळा नाही. मात्र उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोन्हींनी ही वाढ जोर धरते.

आता वापराची झीज. लिथियम आत शिरलं की ग्रॅफाइट सुमारे दहा टक्के फुगतं, बाहेर पडलं की आकसतं. या हालचालीने तोच थर तडकतो, खालचं ग्रॅफाइट उघडं पडतं, तिथे नवा थर बसतो आणि पुन्हा लिथियम खर्ची पडतं. म्हणजे दोन्ही झिजांचा मोठा भाग एकाच थरात घडतो. म्हणूनच त्यांचा हिशेब अगदी काटेकोर वेगळा करता येत नाही.

तरी अंदाज बांधता येतो. आज अर्धी आणि उद्या अर्धी बॅटरी वापरली, तर मिळून एक सायकल होते. आयफोन १५ची बॅटरी आदर्श परिस्थितीत १००० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखते, असं ॲपल सांगतं. आयफोन १४ आणि आधीच्यांसाठी हा आकडा ५०० आहे. रोज ९० टक्के बॅटरी संपवणाऱ्या कॉलेजच्या मुलाच्या तीन वर्षांत जवळजवळ ९८५ सायकल होतात. त्याच्या बॅटरीत वापराची झीजच वरचढ.

त्याच्या आजोबांचा तसाच फोन मात्र रोज जेमतेम २५ टक्के वापरला जातो आणि बाकी वेळ चार्जरवर शंभर टक्क्यांवर असतो. तीन वर्षांत सायकल सुमारे २७५. सरळ त्रैराशिकाने वापराची झीज पाच-सहा टक्के येते. बॅटरी हेल्थ ८५ दिसत असेल, तर उरलेले नऊ-दहा टक्के मुख्यतः काळाने, उष्णतेने आणि सतत भरलेल्या अवस्थेने नेले.

माझा निष्कर्ष असा: रोज भरपूर वापरल्या जाणाऱ्या फोनमध्ये सायकलची झीज जास्त, कमी वापराच्या फोनमध्ये काळाची. आयफोन १५ आणि त्यानंतरच्या फोनमध्ये सेटिंग्जमधला Cycle Count बॅटरी हेल्थशेजारी ठेवून पाहा. सायकल कमी असूनही हेल्थ घसरली असेल, तर ८० टक्क्यांची चार्जिंग मर्यादा लावा आणि फोन उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.