याची टोपी त्याच्या डोक्यावर

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. एक पूर्ण थकबाकी आणि दुसरा ‘किमान देय रक्कम’. दुसरा आकडा नेहमी परवडणारा वाटतो. गोम तिथेच आहे.

समजा, एकाची थकबाकी १ लाख रुपये आहे. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३० रुपये. किमान रक्कम साधारण पाच टक्के धरली, तर तो ५,००० रुपये भरतो. त्यातले ४,१३० व्याजात आणि करात जातात आणि मुद्दल फक्त ८७० रुपयांनी उतरते. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कालच्या किराण्यावर कालपासूनच व्याज लागते.

आता पुढच्या महिन्यात हे ५,००० हातात नाहीत, म्हणून तो दुसऱ्या कार्डावर एटीएममधून पैसे काढतो. रोख काढण्याचे शुल्क बहुतेक ठिकाणी किमान ५०० रुपयांच्या आसपास असते, त्यावर पुन्हा जीएसटी, आणि व्याज त्याच दिवसापासून. महिन्याभरात या ५,००० चे जवळजवळ ५,८०० होतात. पहिल्या कार्डावरचे कर्ज हजारानेही कमी झालेले नसते. हप्ता वेळेवर गेला, बँकेचा फोन आला नाही, पण एकूण देणे सुमारे पाच हजारांनी वाढले. सापळा ओळखायचा तो असा: दर महिन्याला पैसे भरूनही सगळ्या कार्डांच्या थकबाकीची बेरीज वाढतच असते. ही बेरीज कागदावर मांडायलाच माणूस टाळाटाळ करू लागला, तर तीही एक खूणच.

सुटकेची पहिली पायरी म्हणजे कार्ड वापरणे बंद. दुसरी, महागडे कर्ज स्वस्त कर्जाने फेडणे. हेच १ लाख रुपये १६ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जात, दोन वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ४,९०० रुपये येतो. किमान रकमेपेक्षाही कमी, आणि दोन वर्षांनी खाते कोरे. फक्त किमान रक्कमच भरत राहिला असता, तर दोन वर्षांनीही ८० हजारांवर बाकी असती. घरात सोने असेल तर सोनेतारण बहुधा आणखी स्वस्त पडते. मात्र हप्ते थकले तर दागिने लिलावात जातात, हे घरच्यांना आधी सांगावे. आणि रिकामे झालेले कार्ड पुन्हा भरू लागले, तर एकाऐवजी दोन कर्जे मानगुटीवर बसतात. हे फार जणांचे होते.

हप्ते थकायच्या आधीच बँकेशी बोलावे आणि थकबाकी हप्त्यांत बदलून मागावी. तडजोडीने कमी रकमेवर खाते मिटवणे हा अगदी शेवटचा मार्ग, कारण क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे गृहकर्ज अवघड होते. तडजोडीचे पत्र हाती आल्याशिवाय पैसे भरू नयेत. वसुली एजंटाला सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत फोन करता येतो. धमकी दिली, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर दाद मागता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही.