उत्तर न मिळालेला प्रश्न: नोंद वगळावी की भरून काढावी?

सर्वेक्षणात लोक बहुतेक प्रश्नांची उत्तरे देतात. मात्र उत्पन्नाचा प्रश्न आला की अनेक जण मौन पाळतात. अमेरिकेत 'नॅशनल हेल्थ इंटरव्ह्यू सर्व्हे' हे आरोग्यविषयक सर्वेक्षण १९५७ पासून घेतले जाते. १९९७ ते २००४ या काळात त्यात कुटुंबाच्या नेमक्या उत्पन्नाचा आकडा न मिळालेल्या व्यक्तींचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतके होते. गरिबी आणि आरोग्य यांचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासकांसाठी नेमका हाच आकडा सर्वांत महत्त्वाचा असतो.

अशा वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे ज्या व्यक्तीचे एकही उत्तर गहाळ आहे तिची संपूर्ण नोंद विश्लेषणातून काढून टाकणे. संख्याशास्त्रात यास 'लिस्टवाइज डिलिशन' म्हणतात. बहुतेक संगणक प्रणाली समाश्रयणाचे गणित करताना, वापरकर्त्याने काही सांगितले नाही तर, हेच करतात. त्यामुळे अनेकदा संशोधकाच्या लक्षातही न येता हा निर्णय घेतला जातो. यात नोंदी किती वेगाने घटतात याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब पाहता येईल. विश्लेषणात दहा प्रश्न असतील, प्रत्येकाची केवळ ५ टक्के उत्तरे गहाळ असतील आणि ही गळती परस्परांशी निगडित नसेल, तर सर्व दहा उत्तरे असलेल्या नोंदी सुमारे ६० टक्केच उरतात.

नोंदी कमी झाल्याने अंदाज ढोबळ होतो. परंतु खरा धोका अंदाज एका बाजूला झुकण्याचा असतो. समजा, १००० जणांच्या एका काल्पनिक पाहणीत ५०० पगारदार आणि ५०० स्वतःचा व्यवसाय करणारे आहेत. पगारदारांचे सरासरी मासिक उत्पन्न २०,००० रुपये, व्यावसायिकांचे ४०,००० रुपये. म्हणजे सर्वांची खरी सरासरी ३०,००० रुपये. उत्पन्न सांगितले ते मात्र ४५० पगारदारांनी आणि २५० व्यावसायिकांनी. उत्तर न देणाऱ्यांना वगळले की उरलेल्या ७०० जणांची सरासरी २७,१४३ रुपये येते. पाहणी १००० ऐवजी एक लाख लोकांची केली तरी ही सुमारे २,८५७ रुपयांची तूट भरून निघणार नाही, कारण उरलेल्यांमध्ये व्यावसायिकांचा वाटाच कमी आहे.

नोंदी वगळून काढलेली सरासरी योग्य ठरण्यासाठी गळती निव्वळ योगायोगाने झालेली असावी लागते. जणू काही प्रश्नपत्रिका पावसात भिजून वाचता येईनाशा झाल्या. माणसाचे उत्पन्न, वय, व्यवसाय यांचा गळतीशी काहीही संबंध नसावा. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. हे गृहीतक तपासणे तुलनेने सोपे आहे. उत्पन्न सांगणारे आणि न सांगणारे यांची वय, शिक्षण, व्यवसाय अशा ज्ञात बाबींवर तुलना करावी. दोन्ही गट स्पष्टपणे वेगळे दिसले, तर हे गृहीतक टिकत नाही.

दुसरा मार्ग अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी मांडला. त्यांनी १९७६ मध्ये गळतीच्या प्रकारांची सैद्धांतिक मांडणी केली आणि १९८७ च्या ग्रंथात 'मल्टिपल इम्प्युटेशन', म्हणजे बहुविध पूरण, ही पद्धत सविस्तर विशद केली. तिचे गृहीतक तुलनेने सौम्य आहे. गळती ज्ञात बाबींवर अवलंबून असली तरी चालते. मात्र त्या बाबी विचारात घेतल्यानंतर ती गहाळ आकड्यावरच अवलंबून असू नये. वरील उदाहरणात व्यावसायिक अधिक गप्प राहतात हे मान्य आहे. पण गप्प राहिलेला आणि बोललेला व्यावसायिक उत्पन्नाने सारखेच आहेत, असे येथे मानले जाते.

गहाळ जागी गटाची सरासरी लिहून मोकळे होण्याचा मोह होतो, परंतु ते चुकीचे आहे. तसे केल्यास सर्व गहाळ व्यक्ती एकसारख्या ठरतात आणि अंदाजलेला आकडा मोजलेल्या आकड्याइतकाच खात्रीचा मानला जातो. म्हणून रुबिन यांच्या पद्धतीत प्रत्येक गहाळ जागेसाठी संभाव्य मूल्यांतून यादृच्छिक निवड केली जाते, तीही अनेक वेळा. असे, समजा, पाच पूर्ण संच तयार होतात आणि प्रत्येकाचे विश्लेषण स्वतंत्रपणे केले जाते.

या पाच संचांच्या सरासरी २९,६००, ३०,३००, २९,९००, ३०,५०० आणि २९,७०० आल्या, तर अंतिम अंदाज त्यांची सरासरी, म्हणजे ३०,००० रुपये. प्रत्येक संचातील प्रमाण त्रुटी ६०० रुपये धरल्यास तिचा वर्ग ३,६०,००० होतो. पाच उत्तरांमधील परस्पर तफावतीचे प्रचरण १,५०,००० येते. संच पाचच असल्याने त्यास १.२ ने गुणून १,८०,००० मिळतात. दोहोंची बेरीज ५,४०,००० आणि तिचे वर्गमूळ सुमारे ७३५. म्हणजे खरी त्रुटी ६०० नव्हे, ७३५ रुपयांची आहे. ही वाढ म्हणजे उत्तरे न मिळाल्याची प्रामाणिक किंमत होय.

अमेरिकी आरोग्य सर्वेक्षणातही १९९७ पासूनच्या उत्पन्नासाठी असे पाच संच प्रसिद्ध करण्यात आले. २०१९ पासून त्यांची संख्या दहा करण्यात आली. नेमका आकडा न सांगणाऱ्यास त्या काळी 'उत्पन्न २०,००० डॉलरहून कमी की अधिक' असे विचारले जाई. मिळालेले हे अर्धे उत्तर पूरणात मर्यादा म्हणून वापरले गेले.

येथे एक चूक वारंवार घडते. उत्पन्नाचा आरोग्यावरील परिणाम शोधायचा असेल, तर उत्पन्न भरताना आरोग्याची माहितीही वापरावी लागते. हे ऐकताना वर्तुळाकार वाटते. पण आरोग्य बाजूला ठेवून भरलेल्या आकड्यांचा आरोग्याशी ज्ञात बाबींपलीकडे काही संबंधच उरत नाही आणि दोहोंमधील नाते प्रत्यक्षाहून क्षीण भासते.

आता कठीण भाग. समजा, त्याच पाहणीत बोललेल्या व्यावसायिकांचे सरासरी उत्पन्न ३५,००० आणि गप्प राहिलेल्यांचे ४५,००० आहे. म्हणजे अधिक कमावणाराच आकडा लपवतो. तेव्हा नोंदी वगळल्यास सरासरी २५,३५७ येते आणि पूरण केल्यास सुमारे २७,५००. खरी सरासरी ३०,००० असल्याने दुसरा अंदाज जवळचा आहे, पण चूकच. आणि ही स्थिती आहे की नाही, हे हाती असलेल्या माहितीवरून ओळखता येत नाही. कारण ज्यावर निवाडा व्हायचा तो आकडाच गहाळ आहे. अभ्यासक मग भरलेली उत्पन्ने १० टक्के, २० टक्के वाढवून पुन्हा विश्लेषण करतात आणि निष्कर्ष कोठे कोसळतो ते पाहतात.

तथापि, नोंदी वगळण्याची पद्धत सर्वत्र हीन मानणेही बरोबर नाही. समाश्रयणात उत्पन्न हे कारण आणि आरोग्य हा परिणाम असेल, आणि गळती केवळ उत्पन्नावर अवलंबून असून उत्पन्न समान असताना आरोग्याशी तिचा संबंध नसेल, तर नोंदी वगळूनही उत्पन्नाचा परिणाम योग्य मिळतो. श्रीमंतांच्या नोंदी कमी होतात, पण प्रत्येक उत्पन्न पातळीवर उरलेल्यांचे आरोग्य त्या पातळीचे खरे प्रतिनिधित्व करते. नेमक्या याच परिस्थितीत नेहमीचे बहुविध पूरण मात्र फसू शकते, कारण त्याचे गृहीतक मोडलेले असते.