स्वस्त चौकशी महाग का पडते?

समजा, पुण्यातल्या एका बिल्डरने फेसबुक आणि गूगल सर्च या दोन्हींवर महिन्याला एकेक लाख रुपये खर्च केले. फेसबुकवरून 400 चौकशा आल्या, गूगलवरून 100. म्हणजे एक लीड 250 रुपयांना, दुसरी हजाराला. मार्केटिंगवाले खूश! सेल्सवाले मात्र वैतागलेले, कारण फेसबुकच्या फॉर्ममध्ये नंबर आपोआप भरला जातो आणि फोन लावला की समोरचा विचारतो, ‘कुठला फ्लॅट?’

मग दोघांनी बसून व्याख्या ठरवली: फोन उचलला, बजेट 70 लाखांच्या पुढे, सहा महिन्यांत खरेदी आणि साइट बघायची तारीख दिलेली. असेल तरच लीड पात्र. सेल्सने दोन दिवसांत शेरा मारायचा. नाकारली तर कारणासह. (खरी कुस्ती इथेच होते.)

फेसबुकच्या 20 लीड पात्र ठरल्या, गूगलच्या 40. खर्च प्रत्येकी 5,000 आणि 2,500 रुपये.

अहवालात एक पथ्य हवं. चौकशी मार्चची असेल, तर ती एप्रिलमध्ये पात्र ठरली तरी मार्चच्याच खर्चात धरायची. शेरा न मारलेल्या लीड वेगळ्या दाखवायच्या. नाहीतर सेल्सचा आळस जाहिरातीच्या माथी बसतो.