हमाली करून संध्याकाळी जिम: ताटात नेमकं काय कमी पडतं?

नारायणगावचा टोमॅटो बाजार जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात प्रसिद्ध आहे. इथल्या एका क्रेटमध्ये साधारण 20 किलो माल असतो आणि हंगामात हमालाला दिवसभर असे क्रेट उचलावे लागतात. यातले अनेक तरुण संध्याकाळी जिमलाही जातात. मग पहिला प्रश्न येतो, प्रोटीन पावडर घ्यावी का?

आधी गरज पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 65 किलो वजनाच्या, जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे 3,470 कॅलरी लागतात. बैठं काम करणाऱ्याला 2,110 पुरतात. व्यायामासह स्नायू टिकवायचे, तर प्रथिनं साधारण 80 ते 100 ग्रॅम हवीत.

आता एक ताट मोजून बघा. सकाळी दोन बाजरीच्या भाकरी आणि पिठलं. दुपारी तीन भाकरी आणि मटकीची उसळ. जिमच्या तासभर आधी केळं आणि मूठभर शेंगदाणे-गूळ. रात्री वरण-भात, दोन अंडी आणि ग्लासभर दूध. यातून प्रथिनं 90 ग्रॅमच्या पुढे जातात, म्हणजे पावडरची गरज नाही. पण कॅलरी होतात जेमतेम 2,850. कमी पडतात त्या सुमारे 600 कॅलरी, प्रथिनं नव्हे.

ही तूट राहिली, तर शरीर खाल्लेल्या प्रथिनांतला काही भाग इंधन म्हणून जाळतं. मग व्यायाम करूनही स्नायू वाढत नाहीत. उपाय सोपा आहे: दिवसभरात दोन भाकरी जास्त आणि जेवणासोबत दोन-तीन चमचे शेंगदाण्याची चटणी. एका वेळी जात नसेल, तर एक भाकरी सकाळी दहाच्या सुट्टीत खावी. अनेकांचं गणित इथेच चुकतं. पहाटे चहा-बिस्किटावर काम सुरू होतं आणि पहिलं खरं जेवण थेट दुपारी होतं.

खाणं पुरतंय का, हे वजन काट्यावर कळतं. आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, वजन करा. तीन आठवडे ते सतत घटत असेल आणि जिममध्ये नेहमीचं वजनही उचलवत नसेल, तर खाणं कमी पडतंय.

पाण्याचंही तसंच. कामाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं, तर साधारण एक लिटर घाम गेला आणि तो भरून निघाला नाही, असं समजा. नुसतं पाणी पिण्यापेक्षा मीठ घातलेलं ताक बरं, कारण घामातून मीठही जातं.

रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर मीठ आणि प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.